ग्राहकाची अडचण लिहायची तर आधी त्याचं रिजेक्शन रजिस्टर वाचा

“भारतात हजारो फाउंड्री आहेत. कास्टिंगमधलं रिजेक्शन ही या उद्योगापुढची मोठी समस्या आहे. वाळूतल्या ओलाव्यावर नियंत्रण नसल्यामुळे उद्योजकांचं प्रचंड नुकसान होतं. त्यामुळे आयओटीवर आधारित स्मार्ट सेन्सरची नितांत गरज आहे.”

कोल्हापुरातल्या दोन इंजिनिअर पोरांनी अनुदानाच्या अर्जात ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’च्या रकान्यात असं लिहिलं आहे, असं समजा. व्याकरणाची चूक नाही, विषयही गावातला आहे. तरी अर्ज तपासणारा माणूस यावर एक ओळसुद्धा टिपून घेणार नाही. कारण या चार वाक्यांत ग्राहक कुठे दिसतच नाही. ‘उद्योजकांचं’ म्हणजे नेमकं कुणाचं? ‘प्रचंड’ म्हणजे किती रुपये? आणि चौथ्या वाक्यात तर अडचण संपून यंत्राची जाहिरात सुरू झाली आहे.

या रकान्याला वजन किती असतं ते बघा. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत प्रोटोटाइप आणि चाचणीच्या टप्प्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली. त्या योजनेच्या निवडीच्या निकषांत पहिलाच मुद्दा आहे: या कल्पनेची गरज आहे का, ती खरीखुरी अडचण सोडवते का. यंत्र चालेल का, टीम कशी आहे, पैसे कसे खर्च करणार, हे सगळं त्यानंतर येतं.

तर हाच परिच्छेद शिरोलीच्या एमआयडीसीत नेऊन पुराव्यासकट नव्याने कसा लिहायचा, ते बघू. उदाहरण मी समजावण्यासाठी बांधलं आहे. त्यातले आकडे कुठल्या एका फाउंड्रीचे नाहीत, पण ते ज्या कागदांतून काढायचे ते कागद बहुतेक फाउंड्रीत असतात.

आधी वाळूचा मामला दोन मिनिटांत. फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, ओततात आणि थिजून निघतो तो भाग म्हणजे कास्टिंग. आपल्याकडच्या बऱ्याच फाउंड्रीत मोल्ड ग्रीन सँडचा असतो. म्हणजे सिलिका वाळू, तिला चिकटपणा देणारं बेंटोनाइट, थोडी कोल डस्ट आणि पाणी. पाण्याचं प्रमाण साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ते वाढलं की सुमारे १,४०० अंशांचा लोखंडाचा रस मोल्डमध्ये पडताच पाण्याची वाफ होते. ती वाळूतून बाहेर पडू शकली नाही तर धातूतच अडकते आणि तिथे पोकळी राहते, तो ब्लो होल. पाणी कमी पडलं तर उलट होतं. मोल्डच्या कडा ढासळतात आणि वाळू कास्टिंगमध्ये जाते. म्हणजे ओलाव्याचा आणि रिजेक्शनचा संबंध आहे, यात शंका नाही. पण पुस्तकात संबंध असणं वेगळं आणि या माणसाच्या खिशातून त्यापायी पैसे जाणं वेगळं. प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये सिद्ध करायचं असतं ते दुसरं.

मग पोरं एका फाउंड्रीत जातात. चहा येतो. पोरं विचारतात, “मालक, वाळूचा ओलावा मोजणारं स्वस्त यंत्र निघालं तर घ्याल का?”

मालक म्हणतो, “घेऊ की! का नाही घेणार? आणा तुम्ही.”

पोरं खुशीत परत येतात आणि अर्जात लिहितात, ‘१२ पैकी ११ उद्योजकांनी उत्पादनात रस दाखवला.’ याला पुरावा म्हणता येत नाही. गावातली पोरं काहीतरी करू बघतायत, त्यांना तोंडावर नाही कोण म्हणेल? पुढच्या काळातलं ‘घेईन’ सांगायला मालकाला काही खर्च येत नाही. तपासणाऱ्या माणसाने असे ‘१२ पैकी ११’ चिक्कार पाहिलेले असतात.

विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, जसं की डेबिट नोट, म्हणजे खराब मालाचे पैसे कापल्याचा ग्राहकाकडून आलेला कागद. “मालक, शेवटची डेबिट नोट कधी आली होती? कशासाठी? दाखवता का?”

आता उत्तर वेगळं येतं. “गेल्या महिन्यात आली की. हाउसिंगमध्ये ब्लो होल निघाले. माल परत आला तर वितळवून घेता येतंय हो, पण त्यावर मशिनिंग झालेलं असतंय, त्याचेबी पैसे ते आमच्याकडनंच कापतात. आणि कळतंय कधी? तीन आठवड्यांनी. तोवर त्याच वाळूत आमचे किती मोल्ड भरून झालेत, कुणाला दखल!”

या उत्तरात पोरांच्या पहिल्या मसुद्यात नसलेल्या दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे, मालकाला सलतंय ते दुसऱ्याने केलेल्या मशिनिंगचे पैसे भरणं. दुसरी म्हणजे उशीर. ब्लो होल पुष्कळदा कातडीखाली दडलेला असतो. शॉट ब्लास्टिंग आणि फेटलिंगची साफसफाई होऊन कास्टिंग गुळगुळीत दिसतं, गाडीत चढतं आणि उद्यमनगरातल्या किंवा पुण्यातल्या मशीनवर टूल फिरलं की मग भोक दिसतं. ‘ओलाव्यावर नियंत्रण नाही’ हे इंजिनिअरचं वाक्य झालं. ‘तीन आठवड्यांनी कळतं आणि मशिनिंगचे पैसे मी भरतो’ ही ग्राहकाची अडचण. मसुदा या दुसऱ्या वाक्यापासून सुरू व्हायला हवा, आणि शक्यतो त्याच शब्दांत.

पण मालक बोलला म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. आता कागद मागायचे. साधारण तीन पुरतात: रिजेक्शन रजिस्टर, डेबिट नोटांची फाइल आणि सँड टेस्टिंगची वही. मालक कंपन्यांची नावं दाखवायला कचरतो, आणि ते रास्त आहे. नावं आणि पार्ट नंबर झाकून फोटो काढू, अर्जात ‘फाउंड्री क’ एवढंच लिहू, असं आधीच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी फाइल उघडते.

समजा ‘फाउंड्री क’मध्ये आपण एकच पार्ट धरला, ८ किलोचं हाउसिंग. महिन्यात ३,००० नग गेले. ग्राहकाकडून ६० नग रिजेक्ट झाले, म्हणजे २ टक्के. डेबिट नोटेत प्रत्येक नगामागे कास्टिंगचे ८८० रुपये आणि मशिनिंगचे १४०, असे १,०२० रुपये कापले आहेत. घाईतला अर्जदार इथेच गुणाकार करतो: ६० नगांचे ६१,२०० रुपये महिन्याला, वर्षाचे सात लाखांच्या वर, गुणिले जिल्ह्यातल्या फाउंड्री, आणि ‘कोट्यवधींचं नुकसान’ तयार.

फाउंड्रीतला कुणी परीक्षक समोर असेल तर हा आकडा त्याच्यापुढे मिनिटभरही टिकत नाही. रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत येऊन पुन्हा भट्टीत जातं. भंगाराचा भाव किलोला ३५ रुपये धरला तर नगामागे २८० रुपये मालकाकडे परत आले. निव्वळ तोटा ७४० रुपयांचा. साठ नगांचे झाले ४४,४००. (परतीचं भाडं कोण देतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणून ते इथे सोडलं आहे. अर्जात मात्र विचारून घालायचं.)

आता खरा अवघड भाग. या ६० नगांपैकी ओलाव्यामुळे किती गेले?

रजिस्टरमध्ये ‘कारण’ असा रकाना असतो आणि तिथे ३८ नगांसमोर ‘ब्लो होल’ लिहिलेलं आहे. बाकीचे वाळू पडणं, मापात नसणं, असे. अर्जदाराला वाटतं, चला, ३८ नग आपले. पण ब्लो होल हे लक्षण आहे. ओलाव्याने तो होतो, तसाच कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा ठोकळा, नीट न भाजल्याने होतो, वाळूत बारीक कण वाढून वायू निघायला वाट न उरल्याने होतो, वायू सोडणारे व्हेंट कमी ठेवल्याने होतो, रस थंड झाल्यावर ओतल्यानेही होतो. शिवाय तो रकाना सुपरवायझरने भोक डोळ्यांनी बघून भरलेला असतो. त्यामुळे ‘ब्लो होल म्हणजे ओलावा’ असं लिहिणाऱ्या अर्जाची विश्वासार्हता जाणकारापुढे तिथेच संपते.

मग करायचं काय? हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा क्रमांक, कामाला येतो. कास्टिंगवर किंवा त्याच्या कागदांवर हीट नंबर असतो, आणि त्यावरून ते कुठल्या दिवशी ओतलं ते सापडतं. त्या दिवशीचं ओलाव्याचं रीडिंग सँड टेस्टिंगच्या वहीत असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवायच्या. कंटाळवाणं काम आहे, एका फाउंड्रीला अख्खा दिवस जातो. पण संपूर्ण अर्जात दुसऱ्या कुणाला नक्कल करता येणार नाही असा भाग असेल तर तो हाच.

जुळवल्यावर समजा असं निघालं: ३८ पैकी २१ नग अशा दिवशी ओतले होते, ज्या दिवशी ओलावा ठरलेल्या मर्यादेच्या वर होता. निम्म्याहून जास्त! पण अजून एक प्रश्न राहतो, आणि तो फार कमी अर्जदार स्वतःला विचारतात. महिन्यात एकूण असे ओले दिवस किती होते? समजा २५ कामाच्या दिवसांपैकी २० दिवस वाळू ओलीच असती, तर निम्मे ब्लो होल त्या दिवशी निघण्यात काहीच विशेष नसतं. उलट कोरड्या दिवशीच जास्त निघाले, असा अर्थ झाला असता. आपल्या वहीत मात्र ओले दिवस ७ आहेत. म्हणजे ७ दिवसांत २१ नग, आणि उरलेल्या १८ दिवसांत १७. रोजचं उत्पादन साधारण सारखं धरलं, तर चांगल्या दिवशी एकाच्या आसपास आणि ओल्या दिवशी तीन.

चांगल्या दिवशीसुद्धा दुसऱ्या कारणांनी रोज एखादा नग जातोच. तसे सात नग या सात दिवसांतही गेलेच असते. तेवढे वजा केले की ओलाव्याच्या खात्यावर साधारण १४ नग उरतात. ७४० रुपयांनी १०,३६०.

६१,२०० वरून आपण १०,३६० वर आलो. अर्जदाराच्या पोटात इथे गोळा येतो, कारण आकडा सहापटीने लहान झाला. माझं मत विचाराल तर अर्जात हाच लहान आकडा जायला हवा, आणि तो कसा काढला ते दोन ओळींत. परीक्षक मोठा आकडा स्वतःच कापतो, आणि किती कापायचा हे तोच ठरवतो. तुम्ही आधीच कापून दिलात तर त्याला कापायला जागा राहत नाही. शिवाय हा आकडा एकाच पार्टचा आहे. अशा फाउंड्रीत ब्लो होलला बळी पडणारे आणखी तीन-चार पार्ट असतील तर तेही याच रीतीने मोजता येतात, फक्त ‘असतील’ वर भागवायचं नाही.

या हिशोबाला मर्यादाही आहेत आणि त्या लिहून टाकाव्यात. लहान फाउंड्रीत ओलाव्याचं रीडिंग शिफ्टला एक-दोनदाच घेतलं जातं, त्यामुळे ‘ओला दिवस’ ही ढोबळ गोष्ट आहे. सकाळी ठीक असलेली वाळू दुपारी बिघडू शकते. दुसरं, महिना कोणता होता? कोल्हापूरच्या जुलैमधल्या वह्या बघून वर्षाचा हिशोब मांडला तर कुणीही विचारेल, की पावसात नवी वाळूच ओली येते, मार्चमध्ये काय? निदान एक पावसाळी आणि एक कोरडा महिना तपासायला हवा.

आता दुसऱ्या प्रकारचा पुरावा. अडचण खरी असली की माणूस तिच्यावर आधीच काहीतरी करत असतो, बरंवाईट कसंही. त्या धडपडीवर झालेला खर्च हा तोंडी तक्रारीपेक्षा मोठा साक्षीदार. म्हणून फाउंड्रीत फिरताना विचारायचं, “यावर आतापर्यंत काय काय करून बघितलं?” कुणी फेटलिंगनंतर तपासायला जादा माणूस ठेवला असेल. कुणी अवघड पार्ट घ्यायचंच सोडलं असेल. आणि बऱ्याच ठिकाणी टेबलावर कार्बाइडवर चालणारा मॉइश्चर टेस्टर धूळ खात पडलेला दिसेल.

तो धूळ खाणारा टेस्टर नीट समजून घ्यायला हवा, कारण पहिल्या नजरेला तो तुमच्या अर्जाच्या विरोधातला पुरावा आहे. मोजायचं साधन आहे, तरी वहीतल्या नोंदीपलीकडे वापरत नाहीत. मग ओलावा मोजणं ही अडचण आहे कशी? विचारलं की कळतं: नमुना घ्यायचा, वजन करायचं, कार्बाइड घालून हलवायचं, यात काही मिनिटं जातात, तोवर मिक्सरमधली ती वाळू मोल्ड भरणाऱ्या आर्पा मशीनपाशी पोचून मोल्डही भरलेले असतात. म्हणून मिक्सरवरचा अनुभवी माणूस वाळू मुठीत दाबून बघतो आणि पाण्याचा कॉक कमी-जास्त करतो. तो माणूस रजेवर गेला की मग रजिस्टर बघा. तारखा जुळवताना हाजरीपटसुद्धा शेजारी ठेवला तर कधीकधी गंमत दिसते.

म्हणजे साधन नाही ही अडचण नव्हतीच. रीडिंग हातात येईपर्यंत वाळू निघून गेलेली असते, ही अडचण आहे. हे एक वाक्य मिळालं की पुढे यंत्र कसं असावं तेही बदलतं. पण त्याचा उल्लेख या रकान्यात अजून करायचा नाही. प्रॉब्लेम स्टेटमेंटमधून ‘सेन्सर’, ‘ॲप’, ‘आयओटी’ हे शब्द काढून टाका आणि बघा, परिच्छेद उभा राहतो का. राहत नसेल तर त्यात अडचण नव्हती, फक्त यंत्र होतं.

आणि ज्यांना ही अडचण नाही, त्यांचाही उल्लेख हवा. मोठ्या फाउंड्रीत स्वयंचलित सँड प्लांट असतो, मिक्सरवरच ओलावा मोजून पाणी सोडलं जातं. कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत अशी फाउंड्री भेटली आणि तिथल्या मॅनेजरने “आम्हाला गरज नाही” म्हटलं, तर ते लपवू नका. त्याने तुमचा ग्राहक कोण हे पक्कं होतं: हाताने पाणी सोडणारा मिक्सर, आर्पा मशीनवर मोल्डिंग, आणि ग्राहकाकडे मशिनिंग होणारा माल. ‘भारतातल्या हजारो फाउंड्री’पेक्षा हा गट कितीतरी लहान, पण त्याला शोधत शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात जाता येतं.

एवढं झाल्यावर परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

“शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरात हाताने पाणी सोडणारा सँड मिक्सर आणि आर्पा मशीन वापरणाऱ्या लहान फाउंड्रींना कास्टिंगमधले ब्लो होल माल पाठवल्यानंतर, ग्राहकाकडे मशिनिंग करताना कळतात. तोवर सुमारे तीन आठवडे गेलेले असतात. कास्टिंगच्या किमतीबरोबर मशिनिंगचा खर्चही डेबिट नोटेतून कापला जातो. आम्ही १२ फाउंड्रींना भेट दिली. ५ ठिकाणी रिजेक्शन रजिस्टर, डेबिट नोटा आणि सँड टेस्टिंगची वही हीट नंबरवरून जुळवून पाहता आली. त्यांपैकी ४ ठिकाणी ओलावा मर्यादेबाहेर असलेल्या दिवशी ब्लो होलचं प्रमाण इतर दिवसांच्या दुपटीहून जास्त निघालं, एका ठिकाणी फरक दिसला नाही. ‘फाउंड्री क’मध्ये एका पार्टवर यामुळे झालेला निव्वळ तोटा, भंगाराची किंमत वजा करून, महिन्याला सुमारे १०,००० रुपये आहे. १२ पैकी ७ फाउंड्रींकडे ओलावा मोजण्याचं साधन आहे, पण रीडिंग येईपर्यंत ती वाळू मोल्डमध्ये गेलेली असते, म्हणून वहीतल्या नोंदीपलीकडे ते वापरलं जात नाही. स्वयंचलित सँड प्लांट असलेल्या २ फाउंड्रींना ही अडचण नाही.”

यात ‘प्रचंड’सारखं एकही विशेषण नाही. ‘एका ठिकाणी फरक दिसला नाही’ हे वाक्य पोरांना काढून टाकावंसं वाटेल, पण बाकीचे आकडे खरे वाटतात ते बरंचसं त्याच वाक्यामुळे. बारापैकी पाचच ठिकाणी वह्या जुळल्या हेही लपवलेलं नाही. नाव झाकलेले फोटो आणि तारखा जुळवलेला तक्ता परिशिष्टात जातो. मालकाचं एखादं वाक्य, “कळतंय कधी? तीन आठवड्यांनी,” त्याच्या परवानगीने सुरुवातीला टाकता येतं. एकच पुरे, तीन-चार टाकली की अभिप्रायांची वही होते.

आता त्या दहा हजारांकडे परत एकदा बघा, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न तिथूनच येणार: यंत्राची किंमत किती ठेवणार? एका पार्टवर महिन्याला दहा हजार जातात आणि यंत्राने त्यातले निम्मे जरी वाचवले, तरी वर्षाचे साठ हजार होतात. लहान फाउंड्रीचा मालक साधारण वर्षभरात पैसे वसूल होतात का ते बघतो, तेव्हा तीन लाखांचं यंत्र या पुराव्यावर विकता येत नाही. पोरांकडे तेवढाच एक पार्ट असेल, तर एक तर यंत्र पन्नास-साठ हजारांत बसवायला हवं, नाहीतर आणखी पार्टांच्या वह्या जुळवायला परत शिरोलीला जायला हवं. आणि जुळवल्यावर दिसलं, की बहुतेक ब्लो होल कोअरच्या भाजणीतून येतायत, तर वाळूचा परिच्छेद बाजूला ठेवून कोअर शॉपच्या वह्या मागायच्या.